सापाची लस, सीरम सिकनेस आणि आर्थस प्रतिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साप चावून आठवडा झाला. रुग्ण बरा होऊन घरी आला आणि आता ताप, अंगावर पित्त, सांधे धरलेत. विष परत चढलं का?

बहुतेक वेळा नाही. घरच्यांच्या मनात पहिली शंका हीच येते, आणि कोणीतरी लगेच सांगतं की विष नीट उतरलंच नव्हतं. मग मांत्रिकाकडे फेरी होते नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात डेंगीच्या तपासण्या सुरू होतात. अशा वेळी आधी एकच हिशेब करावा: लस दिली त्याला आज कितवा दिवस? उत्तर पाच ते बारा दिवसांच्या आसपास येत असेल, तर सीरम सिकनेसचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

या आजारात ताप येतो, अंगावर खाजऱ्या गांध्या उठतात, मनगट, गुडघे, घोटे दुखतात, कधी सुजतात. मानेत, काखेत, जांघेत अवधाण येतं. चेहरा थोडा सुजट दिसतो. विषाचा यात काही हात नसतो. विष निकामी करायला दिलेल्या लशीतली घोड्याची प्रथिनं आणि त्यांच्याविरुद्ध रुग्णाच्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी, यांच्या गाठीभेटीतून हे सगळं घडतं.

लशीत घोडा कुठून आला?

आपण जिला सापाची लस म्हणतो ती खरं तर लस नव्हे, तयार अँटीबॉडी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. त्याच्या रक्तातून त्या वेगळ्या काढून, शुद्ध करून बाटल्यांत भरतात. महाराष्ट्रात हाफकिनचं नाव या कामाशी कित्येक दशकं जोडलेलं आहे.

एका बाटलीत साधारण १० मिली औषध होतं. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या शिरेतून देतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. म्हणजे एका दिवसात घोड्याची भरपूर प्रथिनं माणसाच्या रक्तात उतरतात. शरीराच्या दृष्टीने ती परकीच. जितक्या जास्त बाटल्या, तितकी सीरम सिकनेसची शक्यता जास्त.

मग लगेच का नाही? आठवडाभर थांबून का?

या आजाराचा सगळा उलगडा या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

पहिल्या दिवशी रक्तात घोड्याची प्रथिनं पुष्कळ आणि त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी जवळपास शून्य. भांडायला समोर कोणी नाही, म्हणून रुग्ण ठणठणीत. (लस चालू असताना मिनिटांत येणारी थंडी, पित्त, रक्तदाब पडणं ही वेगळी गोष्ट. तिची कारणं आणि उपचारही वेगळे.) पाचव्या-सहाव्या दिवसापासून रुग्णाच्या स्वतःच्या अँटीबॉडी रक्तात उतरायला लागतात. प्रत्येक अँटीबॉडीला पकडायला दोन हात असतात आणि घोड्याच्या प्रथिनावर धरण्याजोग्या जागा अनेक, त्यामुळे दोन्ही एकमेकांत गुंतून त्यांची जाळी बनते. हीच इम्यून कॉम्प्लेक्स, मराठीत प्रतिरक्षा संकुलं.

पण प्रत्येक संकुल घातक नसतं. अँटीबॉडी अगदी थोड्या असतील तर संकुलं इवलीशी राहतात. ती रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या प्रथिनांच्या साखळीला नीट जागं करत नाहीत आणि फारसा त्रास न देता फिरत राहतात. अँटीबॉडी भरपूर असतील तर जाळी मोठी होते, आणि यकृत व प्लीहेतल्या भक्षक पेशी ती झटकन गिळून टाकतात. त्रास होतो तो मधल्या टप्प्यात. तेव्हा प्रथिन थोडं जास्त आणि अँटीबॉडी थोड्या कमी असतात. या प्रमाणात तयार होणारी मध्यम आकाराची संकुलं गिळली जाण्याइतकी मोठी नसतात आणि निरुपद्रवी राहण्याइतकी लहानही नसतात. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरून बसतात. रुग्णाच्या रक्तातला हा मधला टप्पा नेमका सात ते दहा दिवसांच्या सुमारास येतो.

पुढे अँटीबॉडी वाढतच जातात, उरलेलं प्रथिन साफ होतं आणि नवी संकुलं बनायला कच्चा मालच राहत नाही. म्हणून हा आजार एक-दोन आठवड्यांत आपला आपण ओसरतो. संधिवातासारखा वर्षानुवर्षं मागे लागत नाही.

संकुलं भिंतीत बसली म्हणून सांधे का दुखावेत? नुकसान नेमकं कोण करतं?

संकुल स्वतः काही कुरतडत नाही. ते दोन यंत्रणा चालू करतं, आणि नुकसान त्या करतात.

पहिली यंत्रणा कॉम्प्लिमेंटची. रक्तात सुप्तावस्थेत फिरणाऱ्या प्रथिनांची ही साखळी आहे. तिची पहिली कडी सी१क्यू. ती अँटीबॉडीच्या शेपटीला, म्हणजे एफसी भागाला पकडते, पण आयजीजी जातीच्या एकट्यादुकट्या अँटीबॉडीला नाही. दोन-तीन शेपट्या शेजारी-शेजारी आल्या तरच तिची पकड बसते, आणि संकुलात त्या तशा असतातच. तिथून पुढे सी४, सी२, मग सी३ फुटतो आणि शेवटी सी५. यातून सुटणारे लहान तुकडे, सी३ए आणि सी५ए, मास्ट पेशींमधून हिस्टामिन बाहेर काढतात. रक्तवाहिनी पाझरू लागते, भिंतीत आणखी संकुलं शिरायला वाट मिळते, त्वचेवर गांधी उठते. सी५ए त्याशिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावून घेतो.

दुसरी यंत्रणा न्यूट्रोफिलच्या अंगावरच्या एफसी ग्राहकांची. त्यांनी तो संकुलाची शेपटी धरतो आणि ते गिळायला बघतो. पण भिंतीत रुतलेलं संकुल त्याला उचलता येत नाही. मग पोटात सोडायची पाचक विकरं आणि ऑक्सिजनची जहाल संयुगं तो बाहेर, थेट भिंतीवर सोडतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा तुकडा पाहिला तर बारीक रक्तवाहिन्यांभोवती न्यूट्रोफिल आणि त्यांच्या फुटलेल्या केंद्रकांचा चुरा दिसतो. फ्लुओरोसंट रंग वापरला तर तिथेच अँटीबॉडी आणि सी३ कणाकणाने चिकटलेले चमकतात.

सांध्याचं अस्तर आणि मूत्रपिंडाची गाळणी या जागा रक्तातला द्रव दाबाने बाहेर गाळतात. गाळणीत जे अडकायचं ते तिथेच अडकतं. म्हणून गुडघे-घोटे दुखतात आणि लघवीत थोडं प्रथिन उतरतं. माणसात मूत्रपिंडाचा त्रास बहुधा सौम्य असतो आणि निवळतो.

म्हणजे कॉम्प्लिमेंट हा खलनायकच?

नाही, आणि हा गैरसमज वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही दिसतो म्हणून मुद्दाम लिहितो. एरवी संकुलं साफ करण्याचं काम कॉम्प्लिमेंटच करतं. सी३चा तुकडा संकुलावर चिकटला की लाल रक्तपेशी त्याला धरून ठेवतात आणि यकृतात नेऊन भक्षक पेशींच्या हवाली करतात. ज्यांना जन्मतः सी२ किंवा सी४ची कमतरता असते त्यांना ल्युपससारखे संकुलांचे आजार उलट जास्त होतात. सीरम सिकनेसमध्ये संकुलांचा पूर इतका येतो की सफाईची ही व्यवस्था अपुरी पडते, आणि तेच कॉम्प्लिमेंट चुकीच्या जागी, भिंतीवर, पेटतं.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नागाच्या विषात सी३सारखं दिसणारं एक प्रथिन असतं. ते प्राण्याला टोचलं की त्याच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट भराभर खर्च होऊन संपतं. संशोधकांनी हीच युक्ती वापरून दाखवलं की कॉम्प्लिमेंट संपलेल्या प्राण्यांत संकुलांमुळे होणारी इजा बरीच कमी होते. पुढे १९९४ मध्ये एफसी ग्राहक नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्यात कॉम्प्लिमेंट शाबूत असूनही आर्थस प्रतिक्रिया, म्हणजे एकाच जागी संकुलं साचून होणारी इजा, फिकी पडली. म्हणजे दोन्ही यंत्रणा लागतात. कोणत्या अवयवात कोणतीचा वाटा मोठा, हे बदलतं.

लशीतल्या अँटीबॉडीची शेपटी कापलेली असते असं वाचलं. मग सी१क्यू धरतो कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडच्या लशीत घोड्याच्या अँटीबॉडी पेप्सिनने कापून एफसी भाग काढून टाकतात, फक्त दोन हातांचा तुकडा ठेवतात. त्याने लशीचे त्रास कमी व्हायला मदत होते. पण संकुलात दोन बाजू असतात. घोड्याचा तुकडा इथे पकडला जाणारा असतो, पकडणारी अँटीबॉडी रुग्णाची स्वतःची असते, आणि तिची शेपटी शाबूत असते. सी१क्यू त्या शेपटीला धरतो. त्यामुळे शेपटी कापलेल्या लशीनंतरही सीरम सिकनेस होतोच.

हा आजार पहिल्यांदा कोणी ओळखला?

व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या बालरोगतज्ज्ञांनी. घटसर्प आणि स्कार्लेट तापाच्या मुलांना तेव्हा घोड्याचं सीरम मोठ्या मात्रेत देत. काही मुलांना आठ-बारा दिवसांनी ताप, पुरळ, गाठी, सांधेदुखी यायची. ज्यांना पूर्वी एकदा सीरम मिळालं होतं त्यांना हेच काही तासांत किंवा थोड्या दिवसांत व्हायचं. १९०५ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. मधल्या मोकळ्या दिवसांचा अर्थ त्यांनी अचूक लावला: हा काळ शरीराला अँटीबॉडी बनवायला लागतो, आणि आजार सीरम आणि अँटीबॉडी या दोघांच्या भेटीतून होतो. अँटीबॉडी म्हणजे फक्त रक्षण, असं मानण्याच्या काळात हे म्हणायला धाडस लागतं.

त्याचा पुरावा नंतर सशांवरच्या प्रयोगांतून मिळाला आणि १९८० च्या दशकात माणसांतही. अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांना अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन हे घोड्याच्या अँटीबॉडीचं औषध देऊन रोजच्या रोज रक्त तपासलं गेलं. संकुलं वाढणं, सी३ आणि सी४ उतरणं आणि ताप-पुरळ येणं एकाच सुमारास झालं. त्या रुग्णांत हातापायांच्या कडेला, तळव्याची कातडी वरच्या कातडीला मिळते त्या रेषेवर, नागमोडी लाल पट्टा दिसला. तपासताना ती कड आवर्जून पाहावी.

आर्थस प्रतिक्रिया म्हणजे याचंच छोटं रूप का?

यंत्रणा तीच, मांडणी उलटी. सीरम सिकनेसमध्ये परकं प्रथिन आधीच रक्तभर असतं आणि अँटीबॉडी मागाहून येतात, म्हणून संकुलं सगळीकडे. आर्थसमध्ये अँटीबॉडी आधीपासून रक्तात भरपूर असतात आणि प्रथिन एका जागी टोचलं जातं. ते जिथे पाझरतं तिथल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतीत संकुलं साचतात, आणि इजाही तिथेच होते.

मॉरिस आर्थस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये सशांच्या कातडीखाली घोड्याचं सीरम काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचलं. पहिली इंजेक्शनं सहज शोषली गेली. नंतरच्यांना टणक सूज येऊ लागली, आणि शेवटी तिथली कातडी काळी पडून सडली. एरवी ससा घोड्याचं सीरम बिनतक्रार सहन करतो. नव्या जागी टोचलं तरी तेच झालं, म्हणजे बदल जागेत नव्हता, सशाच्या रक्तात झाला होता.

दंडाला धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आणि रात्रीत खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजला. हे आर्थस का?

असू शकतं. आपल्याकडे खरचटलं, पत्रा लागला, खिळा टोचला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच अशी सवय आहे, मग मागचं सहा महिन्यांपूर्वी का घेतलेलं असेना. अशा माणसाच्या रक्तात धनुर्वाताविरुद्धच्या अँटीबॉडी आधीच मुबलक असतात. त्यात पुन्हा टोचलं की चार ते बारा तासांत दंड दुखायला लागतो, मोठी, टणक, गरम सूज येते, जागा लाल होते. क्वचित मधोमध कातडी काळवंडते.

ओळखायची खूण पुन्हा वेळ हीच. मिनिटांत सूज आणि पित्त आलं तर ती तात्काळ अॅलर्जी. दोन-तीन दिवसांनी सूज वाढत गेली, ताप चढला, ठणका लागला, तर जंतुसंसर्गाकडे पाहावं. आर्थस त्याच दिवशी किंवा रात्री उठतं आणि मग उतरणीला लागतं. बर्फाचा शेक, हात उंच ठेवणं आणि साधं वेदनाशामक बहुतेकांना पुरतं. पू नसताना चीर देऊ नये, अँटिबायोटिकचीही गरज नसते.

एकदा अशी प्रतिक्रिया आली तर पुढची १० वर्षं धनुर्वाताचा बूस्टर टाळतात, जखम मळकट असली तरी. एरवीसुद्धा मूळ डोस पूर्ण असलेल्या माणसाला किरकोळ स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षांच्या आत आणि मळक्या जखमेसाठी पाच वर्षांच्या आत पुन्हा टोचायचं कारण नसतं. इंजेक्शनची तारीख लिहून ठेवणं यासाठीच.

सीरम सिकनेसचा एक रुग्ण सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा दिसतो?

नमुन्यादाखल एक रचलेलं उदाहरण घेऊ. कोकणात जुलै महिना. भातलावणी करणाऱ्या पस्तिशीतल्या बाईंच्या पायाला फुरसं चावलं. दवाखान्यात रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटं न हलवता ठेवलं, गोठलं नाही. १० बाटल्या लस दिली. सहा तासांनी चाचणी पुन्हा केली, रक्त अजून पातळच, म्हणून आणखी १० बाटल्या. त्यापुढच्या सहा तासांनी रक्त गोठलं. चौथ्या दिवशी त्या घरी गेल्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी कणकण. नवव्या दिवशी ताप १०१, पोटावर, मांड्यांवर खाजऱ्या गांध्या, दोन्ही घोटे आणि मनगटं दुखरी, उकिडवं बसता येईना. कोकणातल्या पावसाळ्यात हे ऐकून डेंगी, चिकुनगुन्या आणि लेप्टो ही तिन्ही नावं डोक्यात यायलाच हवीत, आणि त्यांच्या तपासण्याही व्हाव्यात. पण केसपेपरवर नऊ दिवसांपूर्वीच्या २० बाटल्या दिसल्या की पारडं झुकतं.

आता पहिलं काम विषबाधा परतली नाही याची खात्री करण्याचं. तीच २० मिनिटांची चाचणी केली, रक्त व्यवस्थित गोठलं. प्लेटलेट ठीक. लघवीत प्रथिन किंचित, क्रिएटिनिन नेहमीसारखं. सी३ ६२ आणि सी४ ७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले. बहुतेक प्रयोगशाळांत सी३ची खालची मर्यादा ९० च्या आसपास आणि सी४ची १० च्या आसपास असते. दोन्ही एकत्र उतरले, म्हणजे साखळी अँटीबॉडीच्या वाटेने पेटली आहे. मात्र या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत आणि अहवालासाठी उपचार अडवू नयेत. सौम्य आजारात आकडे नॉर्मलही येऊ शकतात. निदान तारखेवर आणि तपासणीवर उभं असतं.

बाईंना क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. खाज कमी झाली, पण दोन दिवसांनीही ताप आणि सांधे तसेच. हिस्टामिन हा या गोंधळाचा एक भागच, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. मग प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी. दुसऱ्या दिवशी त्या चालू लागल्या. बरं वाटलं म्हणून तिसऱ्याच दिवशी गोळी सोडली तर लक्षणं उलटतात, कारण संकुलं अजून बनत असतात. म्हणून पाच ते सात दिवस पूर्ण केले. पंधरवड्याने लघवी पुन्हा तपासली, साफ होती. घोणस चावलेल्या रुग्णाचं मूत्रपिंड आधीच दुखावलेलं असू शकतं. तिथे सांध्यांसाठी डायक्लोफेनॅकसारखी औषधं देऊ नयेत.

लस देण्याआधी कातडीवर टेस्ट डोस घेतला तर हे टळेल का?

टळणार नाही. टेस्टच्या दिवशी ज्या अँटीबॉडी अस्तित्वातच नाहीत त्या टेस्टमध्ये दिसणार कशा? तात्काळ प्रतिक्रियेचाही अंदाज ही टेस्ट भरवशाने देत नाही, उलट लशीला उशीर होतो.

कुत्रा चावल्यावर दिलेल्या सीरमनेही असं होतं का?

घोड्यापासून बनवलेलं रेबीज इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर होऊ शकतं, साधारण त्याच आठवड्याच्या अंतराने. इथे एक धोका मोठा आहे. ते दिवस लशीच्या पुढच्या डोसच्या मध्ये येतात, आणि “इंजेक्शन बाधलं” म्हणून लोक उरलेले डोस सोडून देतात. असं कधीही करू नये. सीरम वेगळं, लस वेगळी. सीरम सिकनेस औषधांनी निवळतो, रेबीज झाला तर जवळजवळ नक्की मृत्यू.

लहान मुलाला अँटिबायोटिक दिल्यावर आठवड्याने ताप, पुरळ, सांधेदुखी आली. हेच का?

दिसायला तसंच, आतून बहुधा वेगळं. सेफाक्लोर, अमॉक्सिसिलिन अशा औषधांनंतर मुलांत हे दिसतं, पण त्यांच्यात रक्तात संकुलं सहसा सापडत नाहीत, कॉम्प्लिमेंट उतरत नाही आणि मूत्रपिंडाला इजा होत नाही. औषध थांबवावं, डॉक्टरांना दाखवावं आणि त्या औषधाचं नाव मुलाच्या फाइलवर लिहावं.

एकदा सीरम सिकनेस झाला. पुन्हा साप चावला तर लस घ्यायची की नाही?

विषबाधेची लक्षणं असतील तर घ्यायचीच. दुसरं औषध नाही. फरक इतकाच की आता शरीराला घोड्याची प्रथिनं ओळखीची आहेत. लस चालू असतानाच तात्काळ प्रतिक्रिया येण्याची शक्यता धरून अॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवावं लागतं, आणि सीरम सिकनेस आठवड्याची वाट न पाहता एक ते चार दिवसांतच उठू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणतं सीरम, किती बाटल्या, कोणत्या तारखेला. पुढच्या वेळी रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना तेवढ्यावरून बरंच कळतं.